पीठ कुठे अडकतं, हे सांगणारा अभिप्राय



चातुर्मास जवळ आला की महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो, घरघंटी कोणती घ्यावी? मग कुणीतरी लगेच फोन पुढे करतं. "ही बघा, साडेचार तारे आहेत, हजारावर लोकांनी रिव्ह्यू लिहिलेत." आणि पंधरा-वीस हजारांची वस्तू त्या ताऱ्यांवर ठरते. मला हे पटत नाही. तारे किती आहेत यापेक्षा लिहिणारीने त्या यंत्रात खरंच दळलं आहे का, काय दळलं आणि दळून झाल्यावर आत काय पाहिलं, एवढंच आपल्या कामाचं असतं. आज त्याबद्दलच लिहिते.

आधी आपली गरज काय ते मांडते, कारण ती मांडल्याशिवाय कुठला अभिप्राय उपयोगी आणि कुठला नाही हे ठरवताच येत नाही. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस धरतात. म्हणजे चातुर्मासात चार-पाच माणसांच्या घरात दर तिसऱ्या दिवशी दोनेक किलो दळण निघतं. महाराजांचा विहार आपल्या गावी झाला आणि चौका लागला तर दळण आणखी वाढतं. बाहेरच्या गिरणीत आधी कुणाचं काय दळलं, जात्यात काय राहिलं, हे आपल्या हातात नसतं. म्हणून घरघंटी. पण घरघंटी घरी आली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. तो गिरणीतून आपल्या स्वयंपाकघरात आला, इतकंच.

बाजारात जास्त खपणाऱ्या घरघंटीत दगडी जातं नसतं. वर धान्याचा चाडा असतो. तिथून धान्य खाली एका गोल खणात पडतं. त्यात स्टीलची पाती जोरात फिरतात आणि भोवती जाळी असते. जाळीच्या भोकातून जाण्याइतकं बारीक झालं की पीठ खालच्या डब्यात उतरतं. पिठाबरोबर आलेली हवा बाहेर जायला कापडी फिल्टर असतो. आता या वाटेवर पीठ कुठे कुठे थांबू शकतं ते बघा. जाळीच्या मागच्या अंगाला, दाराच्या रबराच्या पट्टीखाली, डब्याच्या वरच्या कडेला, कापडी फिल्टरच्या शिवणीत. प्रत्येक ठिकाणी चिमूटभरच राहतं. पण पावसाळ्याच्या दमट हवेत तेच चिमूटभर पीठ आठ-दहा दिवस तसंच राहिलं की त्याला जाळं धरतं, अळी होते. मग पुढच्या वेळी आपण वरून निवडून, वाळवून, दोनदा बघून घेतलेले गहू घालतो आणि बटण दाबतो. आत काय चाललं आहे ते दाराआड असतं.

त्यामुळे मी घरघंटीचा अभिप्राय वाचते तो एका प्रश्नासाठी. पीठ कुठे अडकतं, आणि ते निघतं का? बाकी सगळं नंतर.

आता नमुन्यादाखल तीन अभिप्राय घेऊ. एकाच यंत्राखालचे आहेत असं समजा. शब्द मी थोडे माझे केले आहेत, पण असे अभिप्राय तुम्ही प्रत्येक ठिकाणी वाचले असतील.

पहिला, पाच तारे. "अप्रतिम घरघंटी! १ एचपी मोटर, ताशी १० किलो दळण, सहा जाळ्या, पूर्ण ऑटोमॅटिक, स्टीलचा खण. जैन कुटुंबांसाठी सर्वोत्तम. पैसा वसूल."

दुसरा, एक तारा. "अत्यंत बेकार. आठवड्यात बंद पडली. फोन केला तर कोणी उचलत नाही. कुणीही घेऊ नका."

तिसरा, तीन तारे. "चार महिने वापरते आहे. घरात पाच माणसं. आठवड्यातून दोनदा दोन किलो गहू दळते, सोळा मिनिटं लागतात. पोळ्या मऊ होतात. बेसन बारीक जाळीवर एक किलोला चौदा मिनिटं घेतं, आणि डाळ उन्हात दिलेली नसेल तर जाळी बुजते. डब्याच्या वर रबराची पट्टी आहे, तिच्या मागे पीठ बसतं. सोबत दिलेला ब्रश तिथे पोचत नाही. पावसात पंधरा दिवस गावी गेलो होतो, आल्यावर तिथे अळ्या होत्या. नंतर कळलं की पट्टी हाताने ओढली की निघते, पण पुस्तिकेत हे कुठे लिहिलेलं नाही. आवाज मिक्सरपेक्षा कमी, तरी फ्लॅटमध्ये दुपारी लावत नाही. गहू-ज्वारीला चांगली. बेसन खूप लागत असेल तर विचार करा."

यातला पहिला अभिप्राय वरवर पाहता किती मुद्देसूद आहे! आकडे आहेत, जाळ्यांची संख्या आहे, आपल्या समाजाचं नाव आहे. पण नीट बघा. यातला एकही आकडा वापरून कळलेला नाही. सगळे खोक्यावर छापलेले असतात. ताशी १० किलो म्हणे. कोणतं धान्य, कोणत्या जाळीवर? तिसऱ्या बाईचा हिशेब करून बघा. दोन किलो गव्हाला सोळा मिनिटं म्हणजे तासाला साडेसात किलो. एक किलो बेसनाला चौदा मिनिटं म्हणजे तासाला जेमतेम सव्वाचार किलो. खोक्यावरचा आकडा खोटाच असेल असं नाही, भरड जाळीवर कदाचित तेवढं होतही असेल. पण स्वयंपाकघरातला आकडा वेगळा असतो. तो घड्याळाकडे बघितलेल्या बाईलाच माहीत असतो. म्हणून नुसता तपशील आहे की नाही हे बघून भागत नाही, तो तपशील आला कुठून हे बघावं लागतं.

आणि "जैन कुटुंबांसाठी सर्वोत्तम" या शब्दांवर तर मला जरा रागच येतो. कशामुळे सर्वोत्तम? जाळी काढून धुता येते म्हणून? खणात हात पोचतो म्हणून? पट्टी निघते म्हणून? यातलं काहीच सांगितलेलं नाही. आपल्या समाजाचं नाव तिथे शिक्क्यासारखं मारलं आहे, कारण लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की ते वाचून आपला हात ढिला पडतो.

याउलट तिसरी बाई जैन आहे की नाही हे मला माहीत नाही, बहुधा नसावी. आपली मर्यादा पाळणारी घरं पंधरा दिवस गावी जाताना यंत्र तसंच ठेवून जात नाहीत. पण तिच्या एका वाक्यातून, "आल्यावर तिथे अळ्या होत्या", मला जे कळलं ते "जैनांसाठी सर्वोत्तम" म्हणणाऱ्या पन्नास जणांकडून कळलं नसतं. आपल्यातल्या काही जणी म्हणतात, बाहेरच्यांचे रिव्ह्यू आपल्याला काय कामाचे, त्यांना आपलं शोधन कुठे कळतं. मला उलट वाटतं. तिला शोधन कळायची गरजच नाही. तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, त्याचा अर्थ आपण आपल्या आचारातून लावायचा. पट्टीमागे पीठ बसतं हे तिच्यासाठी किळस येण्याइतकं कारण आहे. आपल्यासाठी ते यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवणारं कारण आहे. आणि पट्टी हाताने निघते हे कळल्यावर तेच यंत्र पुन्हा विचारात येतं. दळण झालं की प्लग काढायचा, पट्टी ओढायची, कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, कापडी फिल्टर झटकायचा. दहा मिनिटांचं काम आहे. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही, नाहीतर ओल्या कापडाला पिठाचा लगदा चिकटतो आणि आपणच नवा त्रास घरात आणतो.

तिने खरंच वापरलं आहे हे कशावरून? मी चार महिन्यांवर लगेच विश्वास ठेवत नाही, तो शब्द कुणीही लिहू शकतं. माझा विश्वास बसतो तो पट्टीवर आणि डाळीवर. उन्हात न दिलेल्या डाळीने बारीक जाळी बुजते, हे खोक्यावर कुणी छापत नाही आणि न वापरणाऱ्याला सुचतही नाही. वापरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात अशी एखादी आडवळणाची गोष्ट येतेच. शेवटची मूठ चाड्यात अडकते म्हणून वर हाताने थापटावं लागतं. दार नीट लागलं नाही तर यंत्र सुरूच होत नाही. नवीन आणल्यावर पहिलं थोडं पीठ टाकून द्यावं लागलं. असलं एक वाक्य दिसलं की मी तो अभिप्राय पूर्ण वाचते.

काही जणी "खरेदीची खात्री झालेला ग्राहक" अशी खूण बघतात. ती खूण खोटी नाही, पण ती एवढंच सांगते की त्या खात्यावरून ती वस्तू तिथे विकत घेतली गेली. ती उघडली का, त्यात दळलं का, पाऊस त्या यंत्राने पाहिला का, हे ती सांगत नाही. फोटोचंही तसंच. खोक्याचा, प्लास्टिक न काढलेल्या यंत्राचा फोटो म्हणजे वस्तू पोचल्याची पावती. पिठाने पांढरी झालेली जाळी, उघडा खण, बाजूला ब्रश, असा ओबडधोबड फोटो दिसला तर तो मोठा करून बघा. लिहिणारीने शब्दांत न सांगितलेल्या फटीसुद्धा त्यात दिसतात.

आणखी एक गोष्ट अनेकींच्या लक्षात येत नाही. दुकानाच्या पानावर एकाच कंपनीची दोन-तीन मॉडेलं एकत्र ठेवलेली असतात आणि त्यांचे अभिप्रायही एकत्रच दिसतात. तुम्ही बघता १ एचपीचं साधं मॉडेल आणि स्तुती वाचता आतलं पीठ ओढून घेणाऱ्या व्हॅक्युमच्या मॉडेलची. अभिप्रायाच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात मॉडेल लिहिलेलं असतं. साफसफाईबद्दलचं कुठलंही वाक्य मनावर घेण्याआधी ती ओळ वाचा, कारण या मॉडेलांत खरा फरक तिथेच असतो.

आता दुसरा, एक ताऱ्याचा. तो मी फेकून देत नाही. त्या माणसाचा त्रास खरा असू शकतो आणि फोन उचलत नाहीत ही तक्रार महत्त्वाची आहे. पण यंत्राबद्दल त्यातून काही कळत नाही. बंद पडली म्हणजे काय झालं? मोटर जळली, की जास्त धान्य घातल्यावर स्वतःच थांबली, की दार नीट बसलं नव्हतं? या तीन गोष्टींत केवढं अंतर आहे. पहिला दोष यंत्राचा, दुसरा बहुधा घाईचा, तिसरा तर दोषच नाही, ती सोय आहे, लहान मुलांचे हात वाचावेत म्हणून केलेली. तक्रार काय घडलं ते सांगत नसेल तर ती मी अर्धीच धरते. मात्र वेगवेगळ्या गावच्या तीन-चार जणी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगत असतील, समजा बेसनाला यंत्र अडखळतं, तर तो योगायोग नव्हे. आणि तेच वाक्य शब्दाला शब्द पाच ठिकाणी दिसलं तर ते पाच जणींचं नाही, एकाच हातचं आहे.

समतोलाबद्दल बोलताना लोक म्हणतात, थोडं चांगलं थोडं वाईट लिहिलं की झालं. एवढ्यावर समतोल होत नाही. "यंत्र छान आहे, पण रंग फिका आहे" यात दोन बाजू आहेत, उपयोग काही नाही. आपण अनेकांतवादात वाढलेल्या बायका. वस्तू एकाच वेळी चांगली आणि अडचणीची असू शकते, पण कोणत्या अपेक्षेने ते सांगावं लागतं, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं असतं. स्यात् हा शब्द "कदाचित" म्हणून गुळमुळीत बोलण्यासाठी नाही, कोणत्या दृष्टीने बोलतो आहोत ते नेमकं सांगण्यासाठी आहे. तिसऱ्या बाईने नकळत तेच केलं आहे. गहू-ज्वारीच्या अपेक्षेने चांगली, बेसनाच्या अपेक्षेने विचार करा, आवाजाच्या अपेक्षेने मिक्सरपेक्षा बरी पण फ्लॅटमध्ये दुपारी नको. हे वाचून सांगलीकडे बंगल्यात राहणारी बाई आवाजाची ओळ सोडून देईल आणि पुण्यात चौथ्या मजल्यावर राहणारी तिथेच थांबेल. दोघींना एकच अभिप्राय उपयोगी पडला, दोन वेगळ्या कारणांनी.

अशा अभिप्रायाखाली तारे बहुतेक तीन-चारच असतात. म्हणून मी पाच आणि एक सोडून आधी तीन ताऱ्यांचे अभिप्राय उघडते. घाई असेल तर तुम्हीही एवढं तरी करा.

वाचण्याबद्दल इतकं लिहिल्यावर आपल्या लिहिण्याबद्दल दोन शब्द. यंत्राच्या खोक्यात कधी कधी एक चिठ्ठी येते, पाच तारे द्या, फोटो पाठवा आणि दोनशे-तीनशे रुपये परत मिळवा. बऱ्याच जणींना त्यात वावगं वाटत नाही, वस्तू चांगलीच आहे की! पण यंत्रात अजून मूठभर गहूही पडलेले नाहीत आणि आपण ते उत्तम असल्याचं लिहून देतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटं लिहून देणं. मला ही चिठ्ठी त्याहून फार लांबची वाटत नाही. तीनशे रुपयांसाठी लिहिलेलं ते वाक्य वाचून दुसऱ्या गावची एखादी वहिनी वीस हजार घालवते आणि चातुर्मासात तिच्या यंत्राच्या पट्टीखाली काय होतं ते आपल्याला दिसत नाही. सरकारी बाजूनेही याची दखल घेतली गेली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते सुरुवातीला ऐच्छिकच ठेवलं होतं. त्याच्या भरवशावर डोळे मिटून खरेदी करावी असं मी तरी म्हणणार नाही.

लिहायचंच तर एक पावसाळा जाऊ द्या. निदान एक तरी. मग किती माणसांचं दळण, कोणतं धान्य किती मिनिटांत, कुठे पीठ राहतं, ते कशाने निघतं आणि कोणाच्या घरी हे यंत्र चालणार नाही, एवढं लिहा. व्याकरण चुकलं तरी चालेल.

आणि सगळे अभिप्राय वाचूनही साफसफाईबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नसेल, तसं खूपदा होतं, तर मी ती घरघंटी ऑनलाइन घेत नाही. अर्धा किलो निवडून वाळवलेली हरभऱ्याची डाळ पिशवीत घालते, गावातल्या दुकानात जाते आणि दुकानदाराला म्हणते, भाऊ, ही बारीक जाळीवर दळून दाखवा. दळून झालं की दार उघडायला सांगते, जाळी काढायला सांगते, पट्टी ओढायला सांगते. जो दुकानदार पट्टी ओढायला कां-कूं करतो, त्याने ती आधी कधी काढलेली नसते. तेव्हा मी पुढच्या दुकानात जाते.

तुमच्या घरात कुठली घरघंटी आहे आणि तिच्यात पीठ नेमकं कुठे अडकतं, ते खाली जरूर लिहा. कंपनीपेक्षा मॉडेल लिहा, आणि किती महिने झाले तेही.